तीन तासांत उलटी, तीन दिवसांनी ताप: दोष एकाच जेवणाचा का?

वाचकाचं पत्र

रविवारी दुपारी घरी दहा जण जेवायला होतो. दुधाचा गोड पदार्थ मी शनिवारी रात्रीच करून मोठ्या पातेल्यात ओट्यावर ठेवला होता आणि सकाळी परत खळखळून उकळून घेतला. मांसाहारी पदार्थ सकाळी ताजा केला. एक वाजता जेवलो. चारच्या सुमाराला सासरे, माझा मुलगा आणि भाचा यांना भडाभडा उलट्या सुरू झाल्या. ताप कुणालाच नव्हता. रात्रीपर्यंत तिघंही सावरले. बुधवारी रात्री जावेला ताप आला, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू झाले, गुरुवारी उलट्याही झाल्या. गोड आम्ही पाचच जणांनी खाल्लं होतं, जावेनं तर मधुमेहामुळे शिवलंही नाही. ती म्हणते, "वहिनी, तुमच्याच जेवणातलं बाधलं, फक्त मला उशिरा लागलं." सासूबाई म्हणतात, "बाधायचं ते तेव्हाच बाधतं, तीन दिवसांनी नाही." मी तर सगळं नीट उकळलं होतं. मग बाधलं कसं? आणि जावेची माफी मागू की गप्प बसू?

उत्तर

ताई, तुमच्या घरातल्या तिन्ही मतांत थोडं खरं आहे आणि तिन्हींत एकेक गृहीतक असं आहे की ते बाजूला ठेवल्याशिवाय हा गुंता सुटणार नाही. सासूबाईंचं गृहीतक असं, की अन्नातली बाधा लगेचच दिसते. जावेचं असं, की एका जेवणानंतर आजारी पडलेल्या सगळ्यांचं कारणही एकच असतं. आणि तुमचं असं, की उकळलेलं अन्न बाधत नाही. मी तुमच्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

अन्नातून होणाऱ्या आजारांत पहिला प्रश्न "कोणता जंतू?" हा नसतो. पहिला प्रश्न असतो, विष कुठे तयार झालं? पातेल्यात की पोटात? पातेल्यात तयार झालं असेल तर खाणाऱ्याच्या शरीरात काहीच वाढायचं बाकी नसतं. घास गिळला की विष कामाला लागतं, आणि म्हणून लक्षणं काही तासांत दिसतात. पोटात तयार व्हायचं असेल तर आधी जंतूंना आतड्यापर्यंत जिवंत पोचावं लागतं, तिथे चिकटावं लागतं, वाढावं लागतं, मग ते विष सोडतात किंवा आतड्याच्या अस्तरात शिरतात. या प्रत्येक पायरीला वेळ लागतो. कुणाला बारा तास लागतात, कुणाला पाच दिवस.

तुमच्या तीन रुग्णांचं वर्णन पहिल्या प्रकाराशी फार नेमकं जुळतं. जेवणानंतर तीन तास, अचानक आणि जोरदार उलट्या, ताप नाही, आणि दिवस मावळेपर्यंत बरं. माझा पहिला संशय स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूवर आहे. हा जंतू साधारण तीनातल्या एका निरोगी माणसाच्या नाकात असतो. तिथून तो बोटांवर येतो. हातावर चिरलेली जखम किंवा पिकलेली पुळी असेल तर आणखी मोठ्या संख्येनं येतो. त्याला घाणेरडं स्वयंपाकघर लागत नाही, लागतो तो फक्त एक हात. म्हणून "आमच्याकडे सगळं स्वच्छ असतं" हे खरं असूनही त्यातून सुटका होत नाही.

शनिवारी रात्री काय झालं असावं ते बघू. तुम्ही दूध आटवलंत तेव्हा त्यातले बहुतेक जंतू मेले. नंतर पदार्थ कोमट होताना कुणीतरी हाताने वरून काहीतरी घातलं असेल, चव बघून तोच चमचा परत बुडवला असेल किंवा नुसतं ढवळलं असेल. त्यातून स्टॅफिलोकॉकसचे थोडे जंतू आत गेले. ताज्या उकळलेल्या दुधात त्यांना स्पर्धाच नसते, कारण बाकीचे जंतू आधीच मेलेले असतात. शिवाय मोठ्या पातेल्याचा मधला भाग ओट्यावर तासन्‌तास कोमट राहतो. हा जंतू साधारण १० ते ४६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान विष बनवू शकतो आणि शरीराच्या तापमानाच्या आसपास सर्वांत वेगानं वाढतो.

आता आकडा धरून बघा. समजा, एका ग्रॅममध्ये सुरुवातीला शंभर जंतू पडले. दर अर्ध्या तासाला दुप्पट होत गेले तर पाच तासांत दहा वेळा दुप्पट होतात, म्हणजे हजारपट. शंभराचे एक लाख झाले. साधारण एवढी संख्या झाली की आजारी पाडण्याइतकं विष पदार्थात साठतं, आणि तेवढ्यासाठी एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी विष पुरतं. रात्री दहा ते पहाटे तीन एवढ्या वेळात, घर झोपलेलं असताना, हे सगळं पार पडतं. पदार्थ नासत नाही, आंबत नाही, वासही येत नाही. सकाळी चव घेऊन बघितलीत तरी काही कळलं नसतं.

मग सकाळी तुम्ही उकळलंत. जंतू मेले. पण त्यांनी बनवून ठेवलेलं विष हे फार चिवट प्रथिन आहे. शंभर अंशाला अर्धा तास ठेवलं तरी ते टिकून राहू शकतं, आणि पोटातलं आम्ल व पाचक रसही त्याला सहज मोडू शकत नाहीत. परत उकळण्यानं रात्रीची चूक पुसली जात नाही. ही समजूत इतक्या घरांत आहे की मी ती पुन्हा पुन्हा सांगते, आणि सांगत राहीन. उकळणं हे जिवंत जंतूंवरचं औषध आहे, तयार झालेल्या विषावरचं नाही.

याचं मोठं उदाहरण जपानमध्ये २००० साली घडलं. ३१ मार्चला होक्काइडो बेटावरच्या दूधभुकटीच्या एका कारखान्यात सुमारे तीन तास वीज गेली. यंत्रातलं दूध कोमट राहिलं आणि त्यात स्टॅफिलोकॉकस वाढला. नंतर त्याची भुकटी झाली. उष्णतेच्या प्रक्रियेत जंतू मेले, त्यामुळे जंतू शोधले असते तर भुकटी निर्दोषच दिसली असती. विष मात्र राहिलं. ती भुकटी वापरून केलेलं दूध जूनच्या अखेरीस ओसाका भागात पोचलं आणि १३,००० हून अधिक लोक आजारी पडले. मार्चमधल्या तीन तासांचं विष जूनमध्ये लोकांच्या पोटात गेलं, पण प्रत्येक माणसाला त्रास झाला तो दूध प्यायल्यावर काही तासांतच. पदार्थ किती जुना यावर आजाराचा उशीर ठरत नाही.

आता, इतक्या लवकर उलटीच का? जुलाब का नाहीत? कारण हे विष पोटाच्या आणि लहान आतड्याच्या वरच्या भागातच मज्जातंतूंना चेतवतं. आतड्याच्या अस्तरातून सेरोटोनिन सुटतं, व्हेगस नावाचा लांब मज्जातंतू तो संदेश थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या उलटीच्या केंद्राकडे नेतो आणि शरीर पोट रिकामं करायला लागतं. माकडांवरच्या जुन्या प्रयोगांत पोटाकडून मेंदूकडे जाणारे हे मज्जातंतू कापल्यावर उलटीच झाली नाही. म्हणजे इथे आतडं सडत वा सुजत नाही, एक गजर वाजतो. म्हणून तापही सहसा येत नाही. आणि शरीरात काहीच वाढत नसल्यामुळे विष बाहेर पडलं की माणूस एका दिवसात बरा होतो. अशा उलट्यांवर अँटिबायोटिक घेणं निरर्थक आहे, मारायला शरीरात जंतू नसतातच.

गोड खाणारे पाच आणि आजारी पडलेले तीन. उरलेल्या दोघांचं काय, असं तुमच्या मनात आलं असेल. विषाच्या आजारात प्रमाणाला फार महत्त्व असतं. एक वाटी खाणारा आणि दोन चमचे खाणारा यांच्या पोटात गेलेलं विष कितीतरी वेगळं. विष पातेल्यात सगळीकडे सारखं पसरलेलं असतं असंही नाही. पण दुसरी बाजू जास्त बोलकी आहे. गोड न खाल्लेल्या पाचांपैकी त्या दुपारी एकालाही उलटी झाली नाही. साथीचा शोध घेणारे लोक हेच करतात. एका कागदावर प्रत्येक पदार्थ लिहायचा, तो खाणारे किती आणि त्यांतले आजारी किती, न खाणारे किती आणि त्यांतले आजारी किती. दहा माणसांत याला पक्का पुरावा म्हणता येत नाही, पण संशयाचं बोट कुठे वळतं ते स्पष्ट आहे.

याच गटातला दुसरा संशयित बॅसिलस सेरियस. तुमच्या पदार्थात तांदूळ किंवा त्याचं पीठ असेल तर त्याचाही विचार करायला हवा. या जंतूचे बीजाणू उकळण्यातून जिवंत राहतात आणि कोमट अन्नात अंकुरतात. त्याचं उलटीचं विष तर १२१ अंशालाही टिकतं. या जंतूबद्दल मी मुद्दाम सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म तो एकटा दाखवतो. त्याचे आजार दोन आहेत. जंतूनं अन्नात उलटीचं विष आधीच बनवलं असेल तर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या होतात. आणि जिवंत जंतू पोटात जाऊन तिथे वेगळं विष बनवत असेल तर सहा ते पंधरा तासांनी मुरडा आणि जुलाब होतात, उलटी फारशी नाही. जंतू तोच, पण विष कुठे बनलं यावर वेळही बदलली आणि लक्षणंही. तुमच्या पातेल्यात या दोघांपैकी नक्की कोण होता हे उरलेला पदार्थ तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. घरात करायची काळजी मात्र दोघांसाठी एकच आहे, तिच्याकडे पुढे येते.

आता जाऊबाई. सासूबाईंचं "तेव्हाच बाधतं" हे विषापुरतं खरं आहे, जंतूंपुरतं नाही. जेवणानंतर तीन दिवसांनी ताप, मुरडा, जुलाब हे चित्र पाहिलं की डॉक्टरांच्या मनात कॅम्पायलोबॅक्टर हे नाव लवकर येतं. साल्मोनेलाही येतो. तो बहुधा बारा ते बहात्तर तासांत लक्षणं दाखवतो, पण सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही दाखवू शकतो. मी इथे कॅम्पायलोबॅक्टरचा माग काढते, कारण त्याची चाल स्टॅफिलोकॉकसच्या अगदी उलट आहे.

हा जंतू कच्च्या मांसावर, विशेषतः कोंबडीच्या मांसावर, आणि न तापवलेल्या दुधात सापडतो. गंमत नाही, पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे: तो तुमच्या ओट्यावर वाढूच शकत नाही. त्याला साधारण तीस अंशांच्या वर तापमान लागतं, बेचाळीसच्या आसपास तो सर्वांत आनंदात असतो, आणि हवेतला नेहमीचा ऑक्सिजन त्याला सोसत नाही. म्हणजे स्टॅफिलोकॉकसला पातेलं लागतं, याला पोट लागतं. पण त्याला वाढायची गरज बाहेर पडतही नाही, कारण पाचएकशे जंतूसुद्धा आजारी पाडू शकतात. कच्च्या मांसाच्या पाण्याच्या एका थेंबात तेवढे सहज असतात. तेच पाणी चिरायच्या पाटावरून किंवा सुरीवरून कच्च्या काकडीला लागलं की पुरे. मांस नीट शिजलं तर त्यातला जंतू मरतो, काकडी मात्र कुणी शिजवत नाही.

गिळल्यानंतर पहिला अडथळा जठरातलं आम्ल. बरेचसे जंतू तिथे मरतात. ज्यांना आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्यात जास्त वाचतात. वाचलेले लहान आतड्यात येतात, मळसूत्रासारख्या आकारामुळे तिथल्या चिकट थरातून सरकत जातात, अस्तराच्या पेशींना चिकटतात, आत शिरतात आणि वाढतात. या काळात माणसाला काहीही होत नाही. तो जेवतो, कामावर जातो, हसतो. मग एका टप्प्याला शरीराच्या संरक्षण यंत्रणेला घुसखोरी कळते, आतड्याला सूज येते, आणि ताप, मुरडा, जुलाब सुरू होतात. कधी शौचातून रक्तही पडतं. या सगळ्याला सहसा दोन ते पाच दिवस लागतात.

यात मुख्य त्रास लहान आतड्याच्या खालच्या भागात आणि मोठ्या आतड्यात असतो, म्हणून उलटी कमी आणि जुलाब जास्त. उलटी झाली तरी ती बहुतेक वेळा ताप आणि आतड्याच्या सुजेच्या मागोमाग येते. तुमच्या जावेच्या बाबतीत नेमका हाच क्रम आहे. बुधवारी ताप आणि जुलाब, गुरुवारी उलटी. सासऱ्यांच्या बाबतीत आधी उलटी आणि ताप नाहीच. नुसता हा क्रम विचारला तरी डॉक्टरांना अर्धं उत्तर मिळतं, आणि तुम्हीही घरी विचारू शकता.

मधल्या वेळेत बसणारा एक आजार सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण त्याचं खापर रोज कुठल्या ना कुठल्या जेवणावर फुटतं. तो नोरोव्हायरस. खाल्ल्यानंतर किंवा आजारी माणसाच्या संपर्कानंतर बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी त्याच्या जोरदार उलट्या सुरू होतात. तो एकाकडून दुसऱ्याला सहज लागतो. घरात एकाला आज, दुसऱ्याला परवा अशा उलट्या होत गेल्या तर जेवणापेक्षा नोरोव्हायरसचा विचार आधी करावा. तुमच्या घरात मात्र तिघांना एकाच तासात त्रास झाला आणि नंतर उलट्या पसरल्या नाहीत, म्हणून तो मला इथे दिसत नाही.

आता जावेच्या म्हणण्याकडे. "तुमच्याच जेवणातलं, फक्त उशिरा लागलं" यातला पहिला भाग शक्य आहे, पण ती म्हणते त्या अर्थानं नाही. सासऱ्यांना जे झालं तेच तिला उशिरा झालं, हे शक्य नाही. विष तीन दिवस थांबत नाही, आणि तिनं गोड खाल्लंच नव्हतं. तिचा आजार वेगळा आहे. तो तुमच्या रविवारच्या जेवणातून आला का, हे वेगळं तपासावं लागेल. बुधवार रात्रीपासून दोन ते पाच दिवस मागे मोजा. शुक्रवारची रात्र ते सोमवारची रात्र हा काळ येतो. रविवारची दुपार त्यात आहेच. पण शनिवारचं बाहेरचं खाणं असेल, सोमवारचा डबा असेल, तेही त्यातच आहे.

म्हणून तिला विचारा, आणि तुम्हीही आठवा. रविवारी कच्चं मांस कुठे धुतलं? धुताना पाणी कुठे उडालं? त्याच पाटावर नंतर काय चिरलं? मांस आतपर्यंत शिजलं होतं का, की हाडाजवळ गुलाबी होतं? ते खाल्लेल्यांपैकी मंगळवार ते शुक्रवारच्या दरम्यान आणखी कुणाला जुलाब किंवा ताप आला का? आणखी दोघंतिघं निघाले तर तुमच्या स्वयंपाकघराकडे बोट वळेल. ती एकटीच असेल तर एका रुग्णावरून कोणत्याही जेवणाला दोषी ठरवता येत नाही, तुमच्याही नाही आणि इतर कुणाच्याही नाही.

आपलं मन या बाबतीत फार चुकवतं, हेही सांगायला हवं. उलटीत जे दिसतं ते बहुधा शेवटचं जेवण असतं, कारण जठर जेवणानंतर काही तासांतच रिकामं होतं. माणूस ते पाहतो आणि ठरवतो की हेच बाधलं. गुरुवारी जावेच्या उलटीत पडलं ते गुरुवारचं अन्न. शिवाय आजारी पडण्याआधी खाल्लेल्या पदार्थाचा तिटकारा बसणं ही मेंदूची जुनी सवय आहे, प्राण्यांमध्येही ती दिसते. शेवटचं जेवण किंवा सर्वांत लक्षात राहिलेलं जेवण, या दोघांवर संशय आधी जातो. दहा माणसांची पंगत लक्षात राहते, सोमवारी घाईत खाल्लेलं सॅलड राहत नाही. जाऊ खोटं बोलते आहे असं मला अजिबात वाटत नाही. तिला जे आठवतं ते ती सांगते आहे.

माफीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सासरे आणि दोन्ही मुलांच्या बाबतीत पातेलं रात्रभर बाहेर राहिलं ही गोष्ट तुम्ही मोकळेपणानं मान्य करावी. त्यात अपमान नाही, आणि घरातल्या बाकीच्यांना त्यातून काहीतरी शिकता येईल. जावेच्या बाबतीत माफी मागण्याची किंवा नाकारण्याची घाई करू नका. तिला सांगा, "तुझं आजारपण त्या तिघांसारखं नाही, ते वेगळं आणि कदाचित जास्त गंभीर आहे, आपण आधी तपासून घेऊ." मला तुमच्या पत्रातली सर्वांत काळजीची गोष्ट हीच वाटली. सगळं घर दोष कुणाचा यावर बोलतंय आणि मधुमेह असलेली, ताप आणि जुलाब असलेली बाई डॉक्टरांकडे गेली की नाही याचा पत्रात उल्लेखच नाही. उलट्या-जुलाबांत जेवण सुटतं आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन तसंच चालू राहतं, तेव्हा साखर एकदम खाली जाऊ शकते. काही औषधं अशा आजारपणात थोडे दिवस थांबवावी लागतात. हे डॉक्टरांना विचारूनच ठरवायला हवं, आणि आजच.

स्वयंपाकघरात बदलायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या वेळेच्या आहेत. शिजवलेला पदार्थ दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. मोठं पातेलं तसंच आत ठेवलं तरी मधला भाग बराच वेळ कोमट राहतो, म्हणून तो पसरट आणि उथळ भांड्यांत वाटून ठेवा. घाई असेल तर भांडं आधी थंड पाण्यात बसवून ढवळा. फ्रीज पाच अंशांच्या खाली असू द्या आणि गरम वाढायचं असेल ते साठ अंशांच्या वर ठेवा. कोमट ही मधली अवस्था जितकी छोटी तितकं बरं. शिजवून झाल्यावर हात लावायचाच असेल तर धुऊन, आणि बोटावर जखम असेल तर दुसऱ्या कुणाला करू द्या. चव बघितलेला चमचा परत आत जाऊ नये.

कच्च्या मांसासाठी पाट आणि सुरी वेगळी असावी, किंवा कोशिंबिरीचं सगळं आधी चिरून मग मांसाला हात लावावा. मांस नळाखाली धुऊ नये, त्यातून जंतू कमी होत नाहीत, फक्त ओटाभर उडतात. घरात स्वयंपाकाचा तापमापक असेल तर कोंबडीच्या सर्वांत जाड भागात चौऱ्याहत्तर अंश दिसले पाहिजेत. नसेल तर हाडाजवळचा भाग कापून बघा. तिथे गुलाबी मांस किंवा रक्ताळ रस दिसला तर परत शिजवा.

तासांत सुरू होणाऱ्या उलट्यांत बहुतेक वेळा घरीच भागतं. लहान लहान घोटांनी जलसंजीवनी द्यायची. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्यानं सुरू करायची. पण सासऱ्यांच्या वयाच्या माणसाला किंवा लहान मुलाला सहासात तास लघवी झाली नाही, गुंगी आली, तोंड कोरडं पडलं, तर थांबू नका. आणि खाल्ल्यानंतर बारा ते छत्तीस तासांत एखाद्याला दोन-दोन दिसायला लागलं, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळायला लागलं किंवा गिळता येईना, तर त्याला घरी ठेवूच नका. ती बोट्युलिझम नावाच्या विषबाधेची लक्षणं असू शकतात. तिथे उलटी किरकोळ असते आणि श्वास बंद पडण्याचा धोका खरा असतो.

जावेसाठी मात्र तासांची वाट पाहू नका. ताप एकोणचाळीस अंश सेल्सिअसच्या वर, शौचात रक्त किंवा तीन दिवसांहून जास्त जुलाब, यांपैकी काहीही असेल तर दवाखाना. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या ताप किंवा रक्त असताना स्वतःहून घेऊ नयेत, त्या जंतूंना आतच कोंडतात. बरी झाल्यावर पुढच्या काही आठवड्यांत पायांत अशक्तपणा किंवा मुंग्या येऊन त्या वर चढत गेल्या, तर डॉक्टरांना जुलाबांचा इतिहास सांगायला विसरू नका. कॅम्पायलोबॅक्टरनंतर क्वचित गियाँ-बारे नावाचा मज्जातंतूंचा आजार होतो आणि त्यात लवकर ओळख होणं फार मोलाचं असतं.

शौचाचा नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्यायला हवा, नाहीतर जंतू सापडेलच असं नाही. प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर डॉक्टरांना "कॅम्पायलोबॅक्टरसाठीही तपासा" असं लिहायला सांगा. तो नेहमीच्या पद्धतीनं वाढत नाही. त्याला कमी ऑक्सिजन, बेचाळीस अंश आणि वेगळं माध्यम लागतं, त्यामुळे मुद्दाम मागितल्याशिवाय साधा कल्चर रिपोर्ट त्याच्याबद्दल गप्पच राहू शकतो. रिपोर्ट आला की शुक्रवार ते सोमवारची तिच्या खाण्याची यादी शेजारी ठेवून दोघी जणी एकत्र बसून बघा.